निपुत्रिक दांपत्याची दोन मृत्युपत्रे आणि त्यांतील एक आवश्यक कलम



आपल्या धर्मग्रामात मूलबाळ नसलेली काही दांपत्ये आहेत. त्यांपैकी कोणी मृत्युपत्राचा विषय काढला, तर बहुधा एकच वाक्य ऐकू येते : ‘आम्हाला काय करायचे आहे मृत्युपत्र? माझ्यामागे सगळे तिचे, तिच्यामागे सगळे माझे.’ काही जण मात्र एवढ्यावर न थांबता वकिलाकडे जातात आणि हेच वाक्य दोन कागदांवर लिहून घेतात. पती लिहितो की माझे सर्व पत्नीला मिळावे, आणि पत्नी लिहिते की माझे सर्व पतीला मिळावे. एक मृत्युपत्र दुसऱ्याचे आरशातले प्रतिबिंब असावे तसे दिसते, म्हणून वकील मंडळी त्यांना ‘मिरर विल’ म्हणतात. या लेखात आम्ही एवढेच दाखवणार आहोत की ही दोन मृत्युपत्रे चांगली असली तरी अपुरी आहेत, आणि एक कलम जोडल्याने ती पुरी होतात.

मृत्युपत्र नसेल तर

प्रथम ‘सगळे तिचेच’ हा समज तपासून पाहू. आपणा भारतीय ख्रिस्ती लोकांना वारसाहक्काच्या बाबतीत भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ हा कायदा लागू आहे. मृत्युपत्र न करता पती वारला, त्याला मुले-नातवंडे नसली पण रक्ताचे नातेवाईक असले, तर या कायद्याच्या कलम ३३ प्रमाणे विधवेला त्याच्या मालमत्तेचा निम्मा भाग मिळतो. उरलेला निम्मा पतीच्या नातेवाइकांकडे जातो. पत्नी आधी वारली तर विधुर पतीलाही हाच नियम लागू होतो.

त्या निम्म्या भागाची वाटणी कशी होते, तेही ठरलेले आहे. वडील हयात असतील तर तो वडिलांना मिळतो. वडील नसतील तर आई आणि भावंडे यांच्यात तो वाटला जातो. आई-वडील दोघेही नसतील तर तो भावंडांना समान मिळतो, आणि एखादे भावंड आधीच वारले असेल तर त्याचा वाटा त्याच्या मुलांना मिळतो.

आता एक कल्पित दांपत्य डोळ्यांसमोर ठेवू. पती ५८ वर्षांचा आणि पत्नी ५४ वर्षांची आहे. भंडारा शहरात त्यांचे दोघांच्या नावे अर्धे-अर्धे असलेले घर आहे. त्याची किंमत ३० लाख धरू, म्हणजे प्रत्येकाचे १५ लाख झाले. पतीच्या एकट्याच्या नावे बँकेत व पोस्टात १५ लाखांच्या ठेवी आहेत. पत्नीची ठेव आणि दागिने मिळून ५ लाख आहेत. म्हणजे पतीची मालमत्ता ३० लाखांची आणि पत्नीची २० लाखांची. दोघांचेही आई-वडील वारलेले आहेत. पतीला दोन भाऊ आहेत, आणि वारलेल्या बहिणीची एक मुलगी आहे. पत्नीला एकच बहीण आहे, आणि त्या बहिणीला एक मुलगी आहे.

मृत्युपत्र न करता पती वारला, तर त्याच्या ३० लाखांतून पत्नीला १५ लाख मिळतील. उरलेले १५ लाख दोन भाऊ आणि भाची यांच्यात प्रत्येकी ५ लाख असे जातील. यात घराचाही भाग आला. ज्या घरात ती बाई तीस वर्षे राहिली, त्याच घरात तिचे दीर आणि पतीची भाची सहमालक होतील. त्यांच्या मनात काही वाईट असेल असे नाही. पण उद्या घर विकायचे किंवा दुरुस्तीसाठी कर्ज काढायचे झाले तर प्रत्येक कागदावर त्यांच्या सह्या लागतील. ही अडचण दोन साध्या मिरर मृत्युपत्रांनी पूर्णपणे दूर होते. म्हणून ती करावीत, यात शंका नाही.

तीन तासांचा फरक

अडचण पुढे आहे. आमच्या या दांपत्याने ‘माझे सर्व पत्नीला’ आणि ‘माझे सर्व पतीला’ एवढीच दोन मृत्युपत्रे केली आहेत असे समजा. एके दिवशी दोघे मोटारीने नागपूरला निघाले आणि महामार्गावर अपघात झाला. त्यात दोघेही गेले. आता कोणाचे काय होईल?

उत्तर एका प्रश्नावर अवलंबून राहते : आधी कोण गेले? कायद्याचे कलम १०५ सांगते की, ज्याला मालमत्ता द्यायची तो मृत्युपत्र करणाऱ्याच्या मागे हयात राहिला नाही, तर ते दान गळून पडते. त्याच्या वतीने हक्क सांगायचा असेल तर तो मागे हयात होता, हे सिद्ध करावे लागते. कायदा करणाऱ्यांनी या कलमाखाली उदाहरणे दिली आहेत. त्यांतील एकात मृत्युपत्र करणारा आणि लाभार्थी हे दोघेही एकाच जहाजाच्या अपघातात बुडतात आणि आधी कोण बुडाले याचा पुरावा नसतो. अशा वेळी दान गळून पडते, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. आमच्या जोडप्याच्या बाबतीत जहाजाच्या जागी मोटार आहे, एवढाच फरक.

तर पहिली शक्यता अशी, की आधी कोण गेले हे सांगता येत नाही. दोन्ही मृत्युपत्रांतील दाने गळून पडतात. पुढे काय करायचे हे मृत्युपत्रांत लिहिलेलेच नाही, म्हणून जणू मृत्युपत्रे नव्हतीच असे धरून वाटणी होते. पतीचे ३० लाख त्याचे दोन भाऊ आणि भाची यांना प्रत्येकी १० लाख असे मिळतात. पत्नीचे २० लाख तिच्या बहिणीला मिळतात.

दुसरी शक्यता अशी, की पती जागीच गेला आणि पत्नी नागपूरच्या रुग्णालयात तीन तासांनी वारली. ती त्याच्या मागे हयात राहिली, म्हणून पतीचे ३० लाख मृत्युपत्राप्रमाणे तिचे झाले. तिच्याकडे आता ५० लाख आहेत. तिचे मृत्युपत्र पतीच्या नावे आहे, पण पती आधीच गेलेला आहे. म्हणून ते सर्व, म्हणजे ५० लाख, तिच्या एकट्या बहिणीकडे जातात. पतीच्या भावांना आणि भाचीला काहीच मिळत नाही.

तिसरी शक्यता याच्या उलट. पत्नी जागीच गेली आणि पती तीन तास जगला, तर ५० लाखांची सर्व मालमत्ता पतीच्या भावांकडे व भाचीकडे जाते आणि पत्नीच्या बहिणीला काही मिळत नाही.

म्हणजे दोघांनी आयुष्यभर जमवलेली पुंजी कोणाकडे जावी, हे रुग्णवाहिका किती वेळात पोहोचली यावरून ठरते. आणि ते ठरवायचे कशावरून? शवविच्छेदनाच्या अहवालावरून, रुग्णालयाच्या नोंदवहीतल्या वेळेवरून, अपघाताच्या ठिकाणी धावत गेलेल्या माणसांच्या साक्षींवरून. दोन्ही घरचे लोक एकाच अंत्यविधीत रडलेले असतात, आणि पुढे वर्षानुवर्षे न्यायालयात समोरासमोर उभे राहतात. त्यात कोणी लोभी असायलाच हवे असे नाही. मृत्युपत्रात जागा रिकामी राहिली की ती भरण्यासाठी भांडावेच लागते.

येथे कोणी म्हणेल की, वयाने लहान असलेली व्यक्ती मागाहून वारली असे कायदा मानतो ना? तसा नियम हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम २१ मध्ये आहे. तो हिंदू कायदा लागू असलेल्यांसाठी आहे. आपल्या कायद्यात असे गृहीत धरण्याची सोय नाही. शेजाऱ्यांच्या घरी काय झाले त्यावरून आपले अनुमान काढू नये. पती-पत्नींपैकी एक ख्रिस्ती आणि दुसरा हिंदू असेल, तर कोणाच्या मालमत्तेला कोणता कायदा लागू होतो हे वकिलाला विचारूनच मृत्युपत्र करावे.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही रिकामी जागा केवळ अपघातातच उघडी पडते असे नाही. पती आज वारला आणि पत्नी त्याच्या मागे दहा वर्षे जगून, नवे मृत्युपत्र न करता वारली, तरी दुसऱ्या शक्यतेत झाले तेच होणार. ‘सर्व पतीला’ हे वाक्य तेव्हा कोणालाच काही देऊ शकत नाही. म्हणून पुढे सांगितलेले कलम प्रत्येक निपुत्रिक दांपत्याला लागतेच.

‘एकाच वेळी’ हे शब्द पुरत नाहीत

उपाय सोपा आहे असे वाटून काही जण एक ओळ वाढवतात : ‘आम्ही दोघे एकाच वेळी मरण पावलो तर सर्व मालमत्ता अमुक व्यक्तीला मिळावी.’ ही ओळ किती धोक्याची आहे, हे इंग्लंडमधील एका गाजलेल्या खटल्यावरून कळते.

डॉ. रोलंड आणि त्यांची पत्नी हे निपुत्रिक दांपत्य होते. दोघांनीही आपापले मृत्युपत्र केले होते. डॉक्टरांनी सर्व पत्नीला दिले होते, आणि पत्नीचा मृत्यू आपल्या मृत्यूच्या आधी झाला किंवा त्याच्याशी जुळून आला तर ते आपल्या नातेवाइकांना मिळावे असे लिहिले होते. १९५८ च्या जुलै महिन्यात ते दोघे ज्या ‘मेलानेशियन’ नावाच्या जहाजावर होते, ते दक्षिण प्रशांत महासागरात बुडाले. आधी कोण गेले, ते कोणीही सांगू शकत नव्हते.

१९६२ मध्ये प्रकरण अपील न्यायालयापुढे आले. तीन न्यायाधीशांपैकी दोघांनी म्हटले की ‘जुळून आला’ याचा अर्थ अगदी त्याच क्षणी, आणि दोघे त्याच क्षणी वारले याला पुरावा नाही. इंग्लंडमध्ये लहान वयाची व्यक्ती मागाहून वारली असे मानतात. पत्नी वयाने लहान होती. म्हणून डॉक्टरांची मालमत्ता पत्नीकडे गेली असे ठरले, आणि तिच्यामार्फत तिच्या माहेरच्या माणसांकडे. डॉक्टरांनी ज्यांची नावे लिहिली होती त्यांना ती मिळाली नाही. तिसरे न्यायाधीश लॉर्ड डेनिंग यांचे मत निराळे होते. सामान्य माणूस ‘जुळून’ म्हणताना घड्याळाचा काटा पाहत नाही, एकाच संकटात दोघे गेले एवढेच त्याच्या मनात असते, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. पण निकाल बहुमताने लागला.

दोन मृत्यू ‘एकाच वेळी’ झाले हे म्हणणे बोलण्यात सोपे आहे, सिद्ध करण्यात जवळजवळ अशक्य. म्हणून कलमात क्षण लिहू नये, मुदत लिहावी. वकील लोक साधारणपणे तीस दिवसांची मुदत घालतात. पत्नी पतीच्या मृत्यूनंतर सलग तीस दिवस जगली तरच तिला मिळावे, नाहीतर पुढच्या कलमाप्रमाणे व्हावे. मग तीन मिनिटे, तीन तास किंवा तीन दिवस यांत काही फरक उरत नाही, आणि शवविच्छेदनाच्या वेळेवर भांडण होत नाही.

कलम कसे असावे

ज्या कलमाने उरलेली सर्व मालमत्ता कोणाला तरी दिली जाते, त्याला ‘शेष मालमत्तेचे कलम’ म्हणतात. आमच्या दांपत्याला दोन्ही घरच्या भाच्यांना समान द्यावे आणि थोडा भाग एखाद्या धर्मादाय कार्याला द्यावा असे वाटते. तर पतीच्या मृत्युपत्रातील मजकूर साधारण असा होईल :

‘माझी पत्नी माझ्या मृत्यूनंतर सलग तीस दिवस हयात राहिल्यास माझी सर्व स्थावर व जंगम मालमत्ता, ती कोठेही व कोणत्याही स्वरूपात असो, तिला पूर्ण मालकी हक्काने मिळावी. ती माझ्या अगोदर मरण पावली असेल, किंवा माझ्या मृत्यूनंतर तीस दिवसांच्या आत मरण पावली, किंवा आम्हा दोघांपैकी अगोदर कोण मरण पावले हे ठरवता येत नसेल, तर माझी देणी व अंत्यविधीचा खर्च भागवून उरलेल्या माझ्या सर्व मालमत्तेचे दहा समान हिस्से करावेत. त्यांपैकी चार हिस्से माझ्या बहिणीच्या मुलीला, चार हिस्से माझ्या पत्नीच्या बहिणीच्या मुलीला आणि दोन हिस्से अमुक नोंदणीकृत संस्थेला मिळावेत. दोन भाच्यांपैकी कोणी माझ्या अगोदर मरण पावल्यास तिचा हिस्सा तिच्या मुलांना समान मिळावा, आणि तिला मुले नसल्यास उरलेल्या लाभार्थींना त्यांच्या हिश्श्यांच्या प्रमाणात मिळावा.’

प्रत्यक्ष मृत्युपत्रात पत्नीचे, भाच्यांचे आणि संस्थेचे पूर्ण नाव व पत्ता लिहावा. पत्नीच्या मृत्युपत्रात हाच मजकूर, फक्त ‘पत्नी’च्या जागी ‘पती’ आणि नाती उलट करून. हिस्से मात्र दोन्हीकडे तेच राहिले पाहिजेत.

आता हिशेब पुन्हा करून पाहू. दोघेही अपघातात गेले. पतीच्या ३० लाखांतून प्रत्येक भाचीला १२ लाख आणि संस्थेला ६ लाख. पत्नीच्या २० लाखांतून प्रत्येक भाचीला ८ लाख आणि संस्थेला ४ लाख. एकूण प्रत्येक भाचीला २० लाख आणि संस्थेला १० लाख. आधी कोण गेले हा प्रश्न कोणी विचारला तरी या आकड्यांत फरक पडत नाही. पत्नी पतीच्या मागे वीस वर्षे जगली, मृत्युपत्र बदलले नाही आणि ५० लाख तसेच राहिले, तरी वाटणी हीच.

शेवटचे वाक्य, म्हणजे भाची आधी वारली तर काय, हे अनेक जण गाळतात. त्याचे कारण त्यांना ठाऊक नसते. कायद्याने स्वतःच्या मुला-नातवंडांना दिलेले दान सहसा गळून पडत नाही, त्यांच्या मुलांना मिळते. भाचा-भाचीला मात्र ही सवलत नाही. शिवाय शेष मालमत्तेचाच एक हिस्सा गळून पडला, तर तो बाकीच्यांना आपोआप मिळत नाही. त्यापुरते मृत्युपत्र नाही असे धरून तो कायदेशीर वारसांना जातो. म्हणून ते वाक्य लिहावेच.

सह्या करताना

मृत्युपत्रावर करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. करणाऱ्याला सही करताना प्रत्येक साक्षीदाराने पाहिलेले असावे, किंवा ‘ही सही माझी आहे’ असे त्याच्याकडून ऐकलेले असावे, आणि नंतर त्याच्यासमोर स्वतः सही करावी.

मिरर मृत्युपत्रांत येथे एक मोठी चूक होते. दोघे एकाच टेबलाशी बसलेले असतात, म्हणून पतीच्या मृत्युपत्रावर पत्नी साक्षीदार होते आणि पत्नीच्या मृत्युपत्रावर पती. कलम ६७ प्रमाणे साक्षीदाराला किंवा साक्षीदाराच्या पती-पत्नीला दिलेले दान रद्द ठरते. म्हणजे ज्या एका गोष्टीसाठी मृत्युपत्र केले, तीच रद्द होते. त्याचप्रमाणे लाभार्थी भाची किंवा तिचा नवरा यांनाही साक्षीदार करू नये. साक्षीदार परके असावेत, शक्यतो वयाने लहान असावेत, आणि ते कोठे राहतात हे लिहून ठेवावे.

दुसरी चूक कागद बदलण्याची. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका दांपत्याने मिरर मृत्युपत्रे केली. वकिलाने चुकून पत्नीचा कागद पतीपुढे आणि पतीचा पत्नीपुढे ठेवला आणि दोघांनी तसेच सही केली. २००३ मध्ये पत्नी वारली तेव्हा कोणाच्याच लक्षात आले नाही. २००६ मध्ये पती वारला तेव्हा चूक उघडकीस आली, आणि तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्त करीपर्यंत २०१४ साल उजाडले. दोन्ही कागद इतके सारखे असतात की सही करण्यापूर्वी पहिल्या ओळीतले आपले नाव मोठ्याने वाचणे, हा यावरचा साधा उपाय आहे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारा, म्हणजे एक्झिक्युटर, नेमताना पहिले नाव पती-पत्नीचे एकमेकांचे असले तरी दुसरे नाव तिसऱ्या व्यक्तीचे अवश्य असावे. दोघेही गेले तर काम करणारा कोणी तरी हवा. लाभार्थी एक्झिक्युटर झाला तर चालते, साक्षीदार झालेला मात्र चालत नाही.

मृत्युपत्राची नोंदणी कायद्याने सक्तीची नाही. पण दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात नोंदणी केल्यास पुढे सही खोटी असल्याचा आक्षेप घेणे कठीण जाते, म्हणून ती करणे बरे. भारतीय ख्रिस्ती लोकांच्या मृत्युपत्रांना प्रोबेट घेतलेच पाहिजे ही अट २००२ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. त्यामुळे न्यायालयाची पायरी चढण्याची पूर्वीइतकी गरज राहिलेली नाही. तरी मृत्युपत्र खरे नाही असा वाद कोणी उपस्थित केला, तर ते साक्षीदारांनिशी सिद्ध करावेच लागते.

नामनिर्देशन म्हणजे मृत्युपत्र नव्हे

‘ठेवीवर पत्नीचे नाव नॉमिनी म्हणून आहे, मग आणखी काय हवे?’ असे पुष्कळ जण विचारतात. नॉमिनी म्हणजे पैसे स्वीकारणारा माणूस, मालक नव्हे. ‘कालनिर्णय’चे जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातील वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. शेअर व म्युच्युअल फंडांवर नॉमिनी म्हणून नाव असल्याने कोणी त्यांचा मालक होत नाही, ते वारसाहक्काप्रमाणे किंवा मृत्युपत्राप्रमाणेच जातात, असे त्या न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितले. शिवाय आमच्या दांपत्यात दोघे एकमेकांचे नॉमिनी असतील आणि दोघेही गेले, तर पैसे स्वीकारणाराही कोणी उरत नाही.

धर्मादाय दानाबद्दल

येथे आम्ही स्वतः धर्मगुरू असल्याने थोडे जपून लिहितो. पूर्वी आपल्या कायद्यातील कलम ११८ प्रमाणे, भाचा-भाची, पुतण्या-पुतणी किंवा त्याहून जवळचे नातेवाईक असलेल्या ख्रिस्ती माणसाला मृत्युपत्राने धार्मिक किंवा धर्मादाय कार्याला सहज दान करता येत नसे. मृत्यूपूर्वी किमान बारा महिने आधी मृत्युपत्र केलेले असावे आणि सहा महिन्यांच्या आत ते सरकारी सुरक्षित ठेवीत ठेवलेले असावे, अशी अट होती. केरळचे फादर जॉन वल्लमट्टम यांनी या कलमाला आव्हान दिले आणि २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवले. आता असे दान इतर दानांसारखेच करता येते.

पण कोणीही केवळ ‘चर्चला’ असे लिहू नये. चर्चच्या नावाने मालमत्ता कोणती नोंदणीकृत संस्था धारण करते, ते धर्मप्रांताच्या कार्यालयात विचारून तेच पूर्ण नाव लिहावे. दान धर्मग्रामाला असेल तर आम्हाला साक्षीदार करू नये आणि आमच्यासमोर मजकूर लिहू नये. उद्या कोणी म्हणू नये की फादरांनी सांगितले म्हणून लिहिले.

हे कलम काय करू शकत नाही

मिरर मृत्युपत्रे एकमेकांना बांधून ठेवत नाहीत. जिवंत असेपर्यंत कोणीही आपले मृत्युपत्र केव्हाही बदलू शकतो. पतीमागे राहिलेल्या पत्नीने उद्या नवे मृत्युपत्र करून सर्व आपल्या बहिणीला दिले, तर पतीची भाची काही करू शकत नाही. कित्येकांना हे खटकते. परंतु पूर्ण मालकीने देणे म्हणजे विश्वासाने देणे होय. ज्यांना मागे राहिलेल्या जोडीदाराचेही हात बांधायचे असतील त्यांनी तसा करार मृत्युपत्रांतच स्पष्ट लिहावा लागतो, किंवा जोडीदाराला फक्त हयातीपुरता उपभोगाचा हक्क द्यावा लागतो. त्यात वृद्धपणी औषधपाण्यासाठी घर विकता न येण्याचा धोका असतो. म्हणून हा निर्णय दोघांनी मिळून, वकिलाशी बोलून घ्यावा.

तसेच जी मालमत्ता मुळात आपल्याला मृत्युपत्राने देता येत नाही, तिच्यावर या कलमाचा काही परिणाम होत नाही. आदिवासींची शेतजमीन किंवा सरकारच्या अटींवर मिळालेली वर्ग दोनची जमीन ज्यांच्याकडे आहे, त्यांनी सातबारा घेऊन आधी तहसील कार्यालयात आणि वकिलाकडे चौकशी करावी.

ज्यांनी अशी मृत्युपत्रे पूर्वीच केली आहेत, त्यांनी ती या रविवारी पेटीतून काढावीत आणि दोघांनी मिळून प्रत्येक कागदाला तीन प्रश्न विचारावेत. जोडीदार आधी गेला असेल तर माझे कोणाला, हे लिहिले आहे काय? जोडीदार माझ्या मागे एकच दिवस जगला तर काय, हे लिहिले आहे काय? आणि ज्यांची नावे लिहिली आहेत त्यांपैकी कोणी माझ्या आधी गेले तर काय, हे लिहिले आहे काय? एकाही प्रश्नाचे उत्तर कागदावर सापडले नाही, तर तेवढ्यासाठी दोघांनीही नवे मृत्युपत्र करावे, आणि त्यात जुने रद्द केल्याचे एक वाक्य लिहायला विसरू नये.